दर सहा महिन्यांनी व्याजदर बदलणारे बचत खाते : तीन वर्षांत शिल्लक कशी वाढते? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ज्या बचत खात्याचा व्याजदर दर सहामाहीला नव्याने ठरतो, त्यातील शिलकीच्या हिशेबाबद्दल वारंवार येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सर्व उत्तरांत एकच उदाहरण वापरले आहे. खात्यात सुरुवातीला १,००,००० इतकी रक्कम आहे आणि तीन वर्षांतील सहा सहामाहींचे वार्षिक दर अनुक्रमे ५.०, ५.६, ६.०, ५.४, ४.८ आणि ४.४ टक्के आहेत. हे दर केवळ उदाहरणादाखल घेतले असून चलन कोणतेही धरले तरी हिशेब बदलत नाही. एका उत्तरात सांगितलेली गोष्ट दुसऱ्या उत्तरात पुन्हा न सांगता तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दर सहा महिन्यांनी बदलतो म्हणजे माझ्या आधीच्या व्याजावरही त्याचा परिणाम होतो का?

नाही. नवा दर त्याच्या लागू होण्याच्या तारखेपासून पुढेच चालतो. त्या तारखेपर्यंत जमा झालेले व्याज जुन्या दराने मिळालेले असते आणि दर उतरला म्हणून ते परत घेतले जात नाही, तसेच दर चढला म्हणून त्यात मागाहून भरही पडत नाही. मात्र एकदा खात्यात जमा झालेले व्याज मुद्दलात मिसळून जाते आणि पुढच्या सहामाहीत नवा दर या वाढलेल्या संपूर्ण शिलकीवर लागतो. म्हणजे नव्या दराला जुने व्याज आणि मूळ रक्कम यांत भेद दिसत नाही, त्याच्या दृष्टीने त्या दिवशीची शिल्लक हेच मुद्दल असते.

२. दर ५.० वरून ५.६ झाला, तर तो ०.६ टक्क्याने वाढला म्हणायचे की १२ टक्क्यांनी?

दोन्ही विधाने खरी आहेत, पण ती वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. दर ०.६ टक्केबिंदूने वाढला आणि तेवढ्याच शिलकीवर मिळणारे व्याज १२ टक्क्यांनी वाढले. १,००,००० वर सहा महिन्यांचे व्याज २,५०० होते, ते आता २,८०० होईल. जाहिरातीत जो आकडा मोठा दिसतो तो वापरण्याची पद्धत असल्याने हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

३. तीन वर्षांनंतरची शिल्लक प्रत्यक्षात कशी काढायची?

व्याज दर सहामाहीच्या अखेरीस जमा होते आणि त्याच दिवशी दर बदलतो, असे सर्वांत साधे गृहीतक घेऊ. जाहीर होणारा दर वार्षिक असतो, म्हणून सहा महिन्यांसाठी त्याचा निम्मा भाग धरायचा. पाच टक्क्यांचा दर असेल तर सहामाहीला अडीच टक्के. त्या सहामाहीच्या सुरुवातीच्या शिलकीवर एवढे व्याज काढायचे, ते शिलकीत मिळवायचे आणि येणारी बेरीज ही पुढच्या सहामाहीची सुरुवातीची शिल्लक समजायची. ही कृती सहा वेळा केली की हिशेब पूर्ण होतो.

| सहामाही | वार्षिक दर (%) | सुरुवातीची शिल्लक | व्याज | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|
| पहिली | ५.० | १,००,०००.०० | २,५००.०० | १,०२,५००.०० |
| दुसरी | ५.६ | १,०२,५००.०० | २,८७०.०० | १,०५,३७०.०० |
| तिसरी | ६.० | १,०५,३७०.०० | ३,१६१.१० | १,०८,५३१.१० |
| चौथी | ५.४ | १,०८,५३१.१० | २,९३०.३४ | १,११,४६१.४४ |
| पाचवी | ४.८ | १,११,४६१.४४ | २,६७५.०७ | १,१४,१३६.५१ |
| सहावी | ४.४ | १,१४,१३६.५१ | २,५११.०० | १,१६,६४७.५१ |

या तक्त्यातील पहिली आणि शेवटची ओळ शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. सहाव्या सहामाहीचा दर पहिल्यापेक्षा ०.६ टक्केबिंदूने कमी आहे, तरीही त्या सहामाहीचे व्याज पहिल्यापेक्षा ११ ने जास्तच आले, कारण तोवर शिल्लक चौदा हजारांहून अधिक वाढली होती. ‘व्याज वाढले, म्हणजे दर वाढला असणार’ असे पासबुक पाहून म्हणणाऱ्यांची गफलत नेमकी येथे होते.

व्याजावर व्याज मिळालेच नसते, तर सहा निम्म्या दरांची बेरीज १५.६ टक्के, म्हणजे १५,६०० इतके व्याज आले असते. प्रत्यक्षात १६,६४७.५१ आले. वरचे १,०४७.५१ ही चक्रवाढीची कमाई आहे.

संगणकावरील तक्त्यात हाच हिशेब करायचा असेल, तर A2 पासून A7 पर्यंत सहा वार्षिक दर लिहावेत, B1 मध्ये सुरुवातीची रक्कम लिहावी आणि B2 मध्ये खालील सूत्र टाकून ते B7 पर्यंत खाली ओढावे. दराला १०० ऐवजी २०० ने भागले आहे, ते टक्के काढणे आणि निम्मे करणे या दोन्ही गोष्टी एकदम व्हाव्यात म्हणून.

```
=ROUND(B1*(1+A2/200),2)
```

४. एवढी खटपट करण्यापेक्षा सहाही दरांची सरासरी काढून एकदाच हिशेब केला तर चालेल का?

अंदाजासाठी चालेल, खातेउतारा तपासण्यासाठी चालणार नाही. आपल्या सहा दरांची सरासरी ५.२ टक्के येते. सहाही सहामाहींना ५.२ टक्के दर लावला तर तीन वर्षांअखेर १,१६,६४९.८४ मिळतात, म्हणजे खऱ्या आकड्यापेक्षा २.३३ जास्त. फरक किरकोळ आहे, पण तो नेहमी एकाच दिशेचा असतो आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. शिल्लक वाढते ती गुणाकाराने. बेरीज तेवढीच ठेवून गुणक एकमेकांपासून जितके दूर नेले, तितका त्यांचा गुणाकार लहान होतो. शाळेत शिकलेला अंकगणितीय मध्य हा भूमितीय मध्याहून कधीच लहान नसतो, हा नियम येथे पैशांच्या रूपात दिसतो. म्हणून सरासरी दराने काढलेली शिल्लक खऱ्या शिलकीइतकी किंवा तिच्याहून थोडी जास्तच येते, कमी कधीच येत नाही.

दरांमधील चढउतार मोठा असेल, तर हा फरकही डोळ्यांत भरतो. समजा, एका सहामाहीला वार्षिक दर २ टक्के आणि पुढच्या सहामाहीला १८ टक्के आहे. सरासरी १० टक्के धरली तर १,००,००० चे वर्षाअखेर १,१०,२५० व्हायला हवेत, पण १.०१ आणि १.०९ यांचा गुणाकार केला तर १,१०,०९० च होतात. दर दोन-तीन टक्केबिंदूंच्या पट्ट्यात फिरत असतील तोवर सरासरीवर भागते. मात्र मधल्या काळात पैसे भरले किंवा काढले असतील, तर सरासरीचा नाद सोडून द्यावा. त्याचे कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

५. आधी दर चढे आणि मग उतरते असणे चांगले, की उलट? माझ्या मते सुरुवातीला जास्त दर मिळाला तर चक्रवाढीचा फायदा जास्त व्हायला हवा.

हा समज इतका सार्वत्रिक आहे की आकडे समोर ठेवल्यावरही अनेकांचा विश्वास बसत नाही. खात्यात एकदाच रक्कम भरली आणि तीन वर्षे तिला हात लावला नाही, तर दर कोणत्या क्रमाने आले याला काहीही महत्त्व नसते. सुरुवातीला जास्त दर मिळाला तर पुढच्या कमी दरांना मोठी शिल्लक मिळते, आणि शेवटी जास्त दर मिळाला तर त्या जास्त दराला मोठी शिल्लक मिळते. दोन्हींचा परिणाम तंतोतंत सारखा असतो, कारण गुणाकारात क्रम बदलल्याने उत्तर बदलत नाही.

वरचा तक्ता उलट्या क्रमाने, म्हणजे ४.४ पासून ५.० पर्यंत, करून पाहिला तर शेवटची शिल्लक १,१६,६४७.५२ येते. शंभराव्या भागातील हा एकाचा फरक कोठून आला, असे कोणी विचारील. तो दराच्या क्रमाचा नाही, दर सहामाहीला व्याज दोन दशांशांपर्यंत पूर्णांकित केल्याचा आहे. कोठेही पूर्णांकन न करता सहा गुणकांचा गुणाकार केला तर दोन्ही बाजूंनी १,१६,६४७.५१७६ असाच आकडा येतो. आपल्या मूळ क्रमात पूर्णांकनाच्या फेऱ्यांत तेवढा अंश गळाला, इतकेच.

याच कारणामुळे एका सहामाहीचा वार्षिक दर पूर्ण एक टक्केबिंदूने बदलला, तर आपल्या उदाहरणात तीन वर्षांअखेरच्या शिलकीत सुमारे ५७० चा फरक पडतो, मग तो बदल पहिल्या सहामाहीत झालेला असो वा शेवटच्या.

६. मध्येच पैसे भरले किंवा काढले, तर प्रश्न ५ चे उत्तर लागू राहते का?

राहत नाही. नव्याने भरलेल्या रकमेला केवळ पुढचे दर मिळतात, मागचे नाहीत, त्यामुळे आता कोणते दर आधी आले आणि कोणते नंतर याला अर्थ येतो. समजा, चौथी सहामाही संपल्यावर आणखी ५०,००० भरले. आपल्या मूळ क्रमात त्यांना ४.८ आणि ४.४ टक्के हे दोनच दर मिळतील आणि त्यांचे ५२,३२६.४० होतील. दर उलट्या क्रमाने आले असते, तर शेवटचे दोन दर ५.६ आणि ५.० असते आणि त्याच ५०,००० चे ५२,६८५ झाले असते. मूळ १,००,००० ची वाढ दोन्हीकडे सारखीच असूनही एकूण शिलकीत ३५८.६० चा फरक पडला.

हिशेबाची सर्वांत निर्धोक रीत म्हणजे प्रत्येक भरणा हे एक स्वतंत्र खाते समजणे. प्रत्येक भरण्याला तो भरल्या दिवसापासून पुढचे गुणक लावायचे आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करायची. काढलेली रक्कम हा ऋण भरणा धरायचा. ज्या दिवशी २०,००० काढले, त्या दिवसापासून पुढच्या सर्व दरांनी वाढवलेले २०,००० एकूण शिलकीतून वजा करायचे. यातून हेही कळते, की काढलेल्या रकमेमुळे झालेले नुकसान केवळ त्या रकमेइतके नसून त्यावर तीन वर्षांअखेरपर्यंत मिळाले असते त्या व्याजाइतके अधिक असते.

भरणा सहामाहीच्या मधोमध कोणत्या तरी दिवशी झाला असेल, तर पहिल्या अपुऱ्या सहामाहीसाठी दिवसांचा हिशेब करावा लागतो. समजा, दुसऱ्या सहामाहीत, म्हणजे दर ५.६ टक्के असताना, ४०,००० फक्त ३० दिवस खात्यात राहिले. रोजच्या शिलकीवर व्याज देणाऱ्या खात्यात त्यांचे व्याज ४०,००० × ३० × ५.६ ÷ ३६,५०० म्हणजे १८४.११ येते. जेथे महिन्यातील किमान शिलकीवर व्याज दिले जाते, तेथे हे ३० दिवस दोन महिन्यांत विभागले गेले असतील तर या रकमेवर काहीही मिळणार नाही. म्हणून खात्याच्या नियमांत व्याज कोणत्या शिलकीवर मिळते हे दराइतक्याच काळजीने वाचावे.

७. दर सहामाहीला बदलतो, पण व्याज तिमाहीला जमा होते. मग हिशेब कसा?

दर किती वेळा बदलतो आणि व्याज किती वेळा जमा होते, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा संबंध दर किती आहे याच्याशी, दुसरीचा संबंध व्याजावर व्याज कधीपासून सुरू होते याच्याशी. तिमाही जमा असेल, तर प्रत्येक सहामाहीत त्याच दराचा चौथा भाग दोन वेळा लावायचा. पहिल्या सहामाहीत १.२५ टक्के दोनदा लागले की २.५ ऐवजी २.५१५६ टक्क्यांची वाढ होते. सहाही सहामाहींत असे केले तर तीन वर्षांअखेर सुमारे १,१६,७६४ होतात, म्हणजे सहामाही जमेपेक्षा ११६ ने अधिक.

उलट व्याज वर्षातून एकदाच जमा होत असेल, तर वर्षातील दोन सहामाहींच्या निम्म्या दरांची नुसती बेरीज होते. पहिल्या वर्षी २.५ आणि २.८ मिळून ५.३ टक्के, दुसऱ्या वर्षी ५.७ आणि तिसऱ्या वर्षी ४.६ टक्के. शिल्लक १,१६,४२२ होते, म्हणजे सहामाही जमेपेक्षा सुमारे २२५ ने कमी. वर्षाच्या मध्यावर दर बदलला तरी त्या दिवशी आधीच्या सहा महिन्यांचे व्याज मुद्दलात मिसळत नाही, हे येथे विसरले जाते.

८. दर एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला बदलतो, व्याज मात्र जून आणि डिसेंबरअखेर जमा होते. या सहामाहीला कोणता दर धरायचा?

दोन्ही धरायचे, प्रत्येक दर त्याच्या वाट्याला आलेल्या दिवसांपुरता. समजा, १ जानेवारीला शिल्लक १,००,००० आहे, ३१ मार्चपर्यंत दर ५.० टक्के आहे आणि १ एप्रिलपासून तो ५.६ टक्के झाला. लीप नसलेल्या वर्षात जानेवारी ते मार्च ९० दिवस आणि एप्रिल ते जून ९१ दिवस येतात. पहिल्या भागाचे व्याज १,००,००० × ९० × ५.० ÷ ३६,५०० आणि दुसऱ्या भागाचे १,००,००० × ९१ × ५.६ ÷ ३६,५००. दोन्ही मिळून २,६२९.०४. संपूर्ण सहामाहीला जुना दर लावला असता तर २,४७९.४५ आले असते आणि नवा लावला असता तर २,७७६.९९. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये असते आणि तुमच्या खात्यावर आलेले व्याज यांपैकी एखाद्या टोकाशी जुळत असेल, तर विचारणा करण्यास जागा आहे.

दुसऱ्या भागाचा हिशेब करताना पहिल्या ९० दिवसांचे व्याज मुद्दलात मिळवलेले नाही, याकडेही लक्ष द्यावे. ते व्याज साचलेले असले, तरी ३० जूनपर्यंत जमा झालेले नाही, त्यामुळे त्यावर व्याज चढत नाही. १ एप्रिलला केवळ दर बदलतो, शिल्लक तशीच राहते.

९. माझ्या हिशेबापेक्षा खात्यात व्याज कमी आले. चूक माझी की बँकेची?

आधी दिवस मोजावेत. प्रश्न ३ च्या तक्त्यात प्रत्येक सहामाही वर्षाचा बरोबर निम्मा भाग धरली आहे, पण प्रत्यक्षात रोजच्या शिलकीवर व्याज काढणारी खाती दिवस मोजतात आणि ३६५ दिवसांच्या वर्षात जानेवारी ते जून १८१ तर जुलै ते डिसेंबर १८४ दिवस येतात. तक्त्यातील दुसऱ्या सहामाहीचे १,०२,५०० वर ५.६ टक्क्यांनी २,८७० इतके व्याज आले होते. तीच सहामाही १८१ दिवसांची असेल तर २,८४६.४१ येईल आणि १८४ दिवसांची असेल तर २,८९३.५९ येईल. यांत कोणाचीच चूक नाही. तीन वर्षांच्या काळात २९ फेब्रुवारी येत असेल, तर आणखी एक दिवस वाढतो आणि त्या वर्षी भागाकार ३६५ ने करायचा की ३६६ ने, हे खात्याच्या अटींत पाहावे लागते.

दिवस मोजूनही फरक उरला, तर सर्वांत संभाव्य कारण म्हणजे नवा दर उशिरा लागू झाला असणे, आणि किती दिवस उशीर झाला हे पासबुकावरूनच काढता येते. समजा, त्या १८१ दिवसांच्या सहामाहीत २,८४६.४१ ऐवजी २,८२१.१४ जमा झाले. तूट २५.२७ ची आहे. जुना दर ५.० आणि नवा ५.६, म्हणजे अंतर ०.६ टक्केबिंदू. १,०२,५०० वर या अंतराचे एका दिवसाचे व्याज १,०२,५०० × ०.६ ÷ ३६,५०० म्हणजे १.६८५ येते. २५.२७ ला १.६८५ ने भागले की उत्तर १५ येते. दर पंधरा दिवस उशिरा लागला, हे यावरून दिसते. भागाकार असा जवळजवळ पूर्णांकात येणे हीच खूण आहे. ११.४ किंवा २३.७ असा अडनिडा आकडा आला, तर उशिराचा संशय बाजूला ठेवावा आणि मधल्या काळातील एखादा भरणा, वजावट किंवा कर यांकडे वळावे.

माझ्या स्वतःच्या एका खात्यात अशी तूट निघाली, तेव्हा ‘व्याज कमी वाटते’ असे तोंडी सांगून उपयोग झाला नव्हता. दर लागू होण्याची जाहीर तारीख, दिवसांची संख्या आणि तुटीचा आकडा एका कागदावर मांडून दिला, तेव्हा दुरुस्तीची नोंद त्याच महिन्यात पडली.

१०. शिल्लक ठरावीक मर्यादेच्या वर गेली की जास्त दर मिळतो, असे खात्याच्या माहितीत लिहिले आहे. तो जास्त दर सगळ्या रकमेवर मिळतो का?

हे शब्दरचनेवर अवलंबून आहे आणि दोन अर्थांतील अंतर मोठे आहे. समजा, मर्यादा १,१०,००० ची आहे आणि त्यावर अर्धा टक्का अधिक मिळतो. आपल्या तक्त्यात चौथ्या सहामाहीच्या व्याजामुळे शिल्लक १,११,४६१.४४ होऊन ही मर्यादा ओलांडली जाते, म्हणून पाचव्या सहामाहीपासून प्रश्न उभा राहतो. जास्त दर केवळ मर्यादेवरच्या १,४६१.४४ इतक्या भागावर असेल, तर त्या सहामाहीत अवघे ३.६५ अधिक मिळतील. तो संपूर्ण शिलकीवर असेल, तर २७८.६५ मिळतील. ‘मर्यादेपेक्षा अधिक असलेल्या शिलकीवर’ आणि ‘शिल्लक मर्यादेपेक्षा अधिक असल्यास’ या दोन वाक्यांशांत एवढा फरक आहे.

११. पुढचे दर माहीत नसताना तीन वर्षांनंतरच्या शिलकीचा अंदाज कसा बांधायचा?

एकच आकडा न सांगता पट्टा सांगावा. तिसरी सहामाही संपली आहे, शिल्लक १,०८,५३१.१० आहे आणि शेवटचा दर ६.० टक्के होता, असे धरा. पुढे दर सहामाहीला दर अर्ध्या टक्केबिंदूने उतरत गेला, म्हणजे ५.५, ५.० आणि ४.५ झाला, तर अखेरीस सुमारे १,१६,८७५ होतात. तसाच अर्ध्या टक्केबिंदूने चढत गेला तर सुमारे १,२०,३३० होतात.

आता तक्त्याकडे पाहावे. प्रत्यक्षात शेवटची शिल्लक १,१६,६४७.५१ आली, म्हणजे या पट्ट्याच्या खालच्या टोकाच्याही खाली. दर ६.० वरून एकदम ५.४, मग ४.८ असा उतरला आणि आपण धरलेली अर्ध्या टक्केबिंदूची पायरी त्याला पुरली नाही. पट्टा बांधताना गेल्या काही सहामाहींत दर एका वेळी जास्तीत जास्त किती हलला हे पाहून पायरी तेवढी तरी ठेवावी. सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच असते. दर ६.० टक्के असताना खाते उघडणारे लोक तोच दर तीन वर्षे गृहीत धरून १,१९,४०५ ची अपेक्षा ठेवतात.

१२. प्रत्येक वेळी व्याजातून कर कापला जातो. तीन वर्षांनंतर एकदम भरला असता तर फरक पडला असता का?

पडला असता. प्रत्येक सहामाहीच्या व्याजातून १० टक्के कापले जातात असे धरले, तर २.५ टक्क्यांऐवजी २.२५ टक्केच मुद्दलात मिसळतात, २.८ ऐवजी २.५२ आणि याप्रमाणे पुढे. तीन वर्षांअखेर सुमारे १,१४,८८६ उरतात. तोच १० टक्के कर शेवटी एकदम कापला असता, तर १,१४,९८३ उरले असते. ९७ चा हा फरक करामुळे मुद्दलात न पोहोचलेल्या व्याजावरच्या व्याजाचा आहे. कराचे दर आणि सवलती जागोजागी वेगळ्या असल्या, तरी कर काढून उरलेला निव्वळ दर तक्त्यात घालण्याची रीत सगळीकडे तीच राहते.

१३. या सहा दरांऐवजी तीन वर्षांसाठी ५.२५ टक्के असा कायम दर कोणी देऊ केला, तर तो जास्त फायद्याचा नाही का? सरासरी तर ५.२ च आहे.

केवळ ५.२५ आणि ५.२ यांची तुलना करून हे ठरवता येत नाही. आधी आपल्या बदलत्या दरांचा एकच समतुल्य वार्षिक दर काढावा. तीन वर्षांत १,००,००० चे १,१६,६४७.५१ झाले, तर वर्षातून एकदा व्याज जमा होणाऱ्या कोणत्या दराने तेवढेच झाले असते? १.१६६४७५१ चे घनमूळ काढले की १.०५२६७ येते, म्हणजे उत्तर सुमारे ५.२७ टक्के. सरासरीपेक्षा हा आकडा मोठा दिसतो, कारण यात सहामाही जमेचा फायदा मिसळलेला आहे.

देऊ केलेला ५.२५ टक्के दर वर्षातून एकदाच जमा होणार असेल, तर तीन वर्षांअखेर १,१६,५९१.३५ होतात, म्हणजे आपल्या बदलत्या दराच्या खात्यापेक्षा ५६ ने कमी. तोच ५.२५ टक्के दर सहामाहीला जमा होणार असेल, तर १,१६,८२०.४९ होतात, म्हणजे १७३ ने जास्त. ‘५.२५ टक्के’ हा आकडा दोन्हीकडे एकच असला, तरी एकदा तो हरतो आणि एकदा जिंकतो, त्यामुळे व्याज कधी जमा होते हे विचारल्याशिवाय अशा तुलनेत उत्तर देऊ नये. शिवाय ही तुलना सहाही दर कळल्यानंतरची आहे. खाते उघडण्याच्या दिवशी हातात फक्त पहिला ५.० टक्क्यांचा दर असतो, आणि तोच तीन वर्षे टिकला असता तर १,१५,९६९.३४ च मिळाले असते.